परकीय चलनात मिळणारे यूट्यूबचे उत्पन्न: करकागद आणि नोंदवही यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे भारतात राहणाऱ्या, स्वतःच्या पॅनवर चॅनेल चालवणाऱ्या आणि गूगलच्या अ‍ॅडसेन्समधून डॉलरमध्ये पैसे घेणाऱ्या एकट्या व्यक्तीसाठी आहेत. उदाहरण म्हणून सांगलीतून चालणारे मराठी पाककृतींचे एक कल्पित चॅनेल शेवटपर्यंत वापरले आहे. या चॅनेलचे बरेच प्रेक्षक अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोक आहेत आणि करकागदांची निम्मी गुंतागुंत नेमकी त्यांच्यामुळे निर्माण होते. कलमे आणि नियम आर्थिक वर्ष 2025-26 ला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यातील आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत.

बँकेत जमा झालेली रक्कम हेच माझे उत्पन्न, असे धरले तर काय बिघडते?

जवळजवळ सगळेच बिघडते, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळही याच चुकीत आहे. प्रेक्षकाने जाहिरात पाहिल्यापासून आपल्या खात्यात रुपये पडेपर्यंत एकाच कमाईचे चार वेगवेगळे आकडे तयार होतात. पहिला आकडा यूट्यूब स्टुडिओत रोज दिसणारा अंदाजी महसूल. तो नंतर कमीजास्त होतो, म्हणून हिशेबासाठी निरुपयोगी आहे. दुसरा आकडा अ‍ॅडसेन्समध्ये पुढच्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेच्या सुमारास नोंदली जाणारी अंतिम कमाई. तिसरा आकडा त्यातून अमेरिकेचा कर वजा करून 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पाठवले जाणारे डॉलर, आणि चौथा म्हणजे बँकेने आपल्या दराने रूपांतर करून, आपले आकार कापून जमा केलेले रुपये.

या चारांपैकी उत्पन्न म्हणून धरायचा आकडा दुसरा आहे. तिसरा आणि चौथा आकडा त्याच्याशी जुळवून दाखवता आला पाहिजे, आणि जो फरक राहील त्यातील प्रत्येक रुपयाला कागद असला पाहिजे. चांगली नोंदवही म्हणजे व्यवहारात एवढेच.

हा मेळ प्रत्यक्षात कसा घालायचा? एका महिन्याचे उदाहरण द्याल का?

सांगलीच्या चॅनेलची ऑक्टोबर 2025 ची अंतिम कमाई 1,800 डॉलर आहे आणि त्यातील 400 डॉलर अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे मिळाले आहेत, असे समजू. त्या 400 डॉलरवर 15 टक्के, म्हणजे 60 डॉलर, अमेरिकेचा कर म्हणून रोखले गेले आणि 1,740 डॉलर निघाले. बँकेने 88 रुपये दर दिला असे धरले, तर 1,53,120 रुपये होतात. (हा दर हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला आहे.)

खात्यात मात्र 1,52,892 रुपये आणि 19 पैसे दिसतात. मधले 227 रुपये 81 पैसे कुठे गेले, हा प्रश्न पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच पडतो. चलन बदलून देण्याच्या सेवेवर बँक जीएसटी आकारते आणि त्यासाठी सेवेचे मूल्य एका ठरलेल्या सूत्राने काढले जाते. 1 लाखापर्यंतच्या रकमेवर ते 1 टक्का असते. 1 लाख ते 10 लाखांदरम्यान 1,000 रुपये, अधिक 1 लाखावरील रकमेच्या अर्धा टक्का. आपल्या उदाहरणात हे मूल्य 1,265.60 रुपये येते आणि त्यावर 18 टक्के म्हणजे 227.81 रुपये. याशिवाय बँकेचा स्वतःचा आवक आकार किंवा मधल्या बँकेने कापलेले डॉलर असू शकतात. मधल्या बँकेची कपात ओळखणे सोपे आहे: अ‍ॅडसेन्सने पाठवलेले डॉलर आणि बँकेच्या सूचनापत्रावरील डॉलर जुळत नाहीत.

आता वहीत नोंद अशी होते. एकूण कमाई 1,800 डॉलर, म्हणजे 88 च्या दराने 1,58,400 रुपये. त्यातील 5,280 रुपये अमेरिकेत रोखलेला कर या वेगळ्या खात्यात, 227.81 रुपये बँकखर्चात आणि उरलेले 1,52,892.19 रुपये बँकेत. तिन्हींची बेरीज 1,58,400 झाली की महिना बंद करावा, त्याआधी करू नये.

रोखलेला अमेरिकी कर मला मिळालाच नाही, मग तो उत्पन्नात का मिळवायचा?

कारण तो आपल्याच कमाईतून आपल्याच नावावर भरला गेलेला कर आहे. नोकरदाराच्या पगारातून टीडीएस कापला गेला तरी तो पूर्ण पगारच उत्पन्न म्हणून दाखवतो, तसेच हे आहे. 2024 च्या वित्त (क्रमांक 2) कायद्याने कलम 198 मध्ये दुरुस्ती करून हे स्पष्टच केले: भारताबाहेर कपातीने भरलेल्या ज्या कराचे श्रेय आपल्याला दिले जाते, म्हणजे जो भारतातील करातून वळता केला जातो, तो कर मिळालेले उत्पन्न मानला जाईल. निव्वळ रक्कम उत्पन्नात दाखवायची आणि वर त्याच कराचे श्रेयही मागायचे, असे दोन्ही बाजूंनी चालत नाही.

अमेरिकेशी माझा काहीही संबंध नसताना तिथला कर मुळात कापला का जातो?

अमेरिकी अंतर्गत महसूल कायद्याच्या तिसऱ्या प्रकरणानुसार, अमेरिकेतील प्रेक्षकांकडून मिळालेल्या कमाईवर गूगलला कर रोखावा लागतो आणि निर्मात्यांच्या बाबतीत ही कपात जून 2021 पासून सुरू झाली. कर भारतीय प्रेक्षकांच्या कमाईवर नाही, फक्त अमेरिकी प्रेक्षकांच्या वाट्यावर आहे. मात्र त्यासाठी अ‍ॅडसेन्समध्ये W-8BEN हा अर्ज भरलेला असावा लागतो.

या अर्जात दोन गोष्टी नीट भराव्या लागतात. परदेशी करदाता क्रमांकाच्या जागी आपला पॅन द्यायचा, आणि भारत-अमेरिका करकराराचा लाभ मागायचा. या कराराच्या कलम 12 नुसार स्वामित्वधनावरील, म्हणजे रॉयल्टीवरील, दर 15 टक्के आहे. अर्जात उत्पन्नाचे वेगवेगळे प्रकार समोर येतात. त्यातील चित्रपट-दूरचित्रवाणी आणि इतर प्रताधिकार या दोन्ही ओळी भराव्या लागतात, आणि घाईत त्यातील एखादी रिकामी राहते. नाव पॅनवर आहे तसेच असावे. चॅनेलचे नाव तिथे चालत नाही.

अर्ज बरोबर भरला गेला आहे, हे कसे ओळखायचे?

रोखलेल्या कराला अमेरिकी कमाईने भागून पाहावे. यूट्यूब अ‍ॅनालिटिक्समध्ये महसूल देशानुसार पाहता येतो, त्यामुळे भागाकाराला लागणारा आकडा हाताशी असतो. आपल्या उदाहरणात 400 डॉलरवर 60 डॉलर, म्हणजे 15 टक्के आले की सगळे ठीक आहे. 120 डॉलर रोखलेले दिसले, तर दर 30 टक्के पडला आहे. अर्ज आहे, पण कराराचा लाभ मागायचा राहिला आहे. आणि 432 डॉलर गेले असतील, तर तो संपूर्ण 1,800 डॉलरचा 24 टक्के आहे. याचा अर्थ वैध अर्जच नाही आणि जगभरच्या कमाईवर कपात झाली आहे.

ही तिसरी अवस्था नव्या निर्मात्यांपेक्षा जुन्यांवर जास्त येते, कारण अर्जाला मुदत असते. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंतच तो चालतो. ऑगस्ट 2023 मध्ये भरलेला अर्ज 31 डिसेंबर 2026 ला संपतो. गूगल आधी कळवते, पण तो ईमेल बहुधा जाहिरातींच्या ईमेलमध्ये हरवतो. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे. जास्त कापला गेलेला कर त्याच कॅलेंडर वर्षात अर्ज दुरुस्त केल्यास गूगलकडून परत मिळू शकतो. वर्ष उलटले की तो अमेरिकी महसूल खात्याकडे विवरणपत्र भरून मागावा लागतो, आणि थोड्या रकमेसाठी तो खटाटोप परवडत नाही.

1042-S हा कागद काय आहे आणि तो माझ्या हिशेबाशी जुळत का नाही?

वर्षभरात किती अमेरिकी कमाई झाली आणि त्यावर किती कर रोखला गेला, याचे हे प्रमाणपत्र आहे. आपल्याकडच्या फॉर्म 16ए सारखे. ते मार्चच्या मध्याच्या सुमारास अ‍ॅडसेन्समध्ये येते. त्यातील चौकट 2 मध्ये एकूण अमेरिकी उत्पन्न, 3b मध्ये दर आणि 7a मध्ये रोखलेला कर असतो.

ते जुळत नाही याचे कारण साधे आहे. अमेरिकेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. आर्थिक वर्ष 2025-26 च्या हिशेबासाठी 2025 च्या प्रमाणपत्रातील एप्रिल ते डिसेंबरचा भाग लागतो आणि 2026 च्या प्रमाणपत्रातील जानेवारी ते मार्चचा. हे दुसरे प्रमाणपत्र मार्च 2027 मध्ये हातात येणार, म्हणजे विवरणपत्र भरून कित्येक महिने लोटल्यावर. म्हणून श्रेयाचा हिशेब महिन्यावार नोंदींवरूनच करावा लागतो. प्रमाणपत्राचा उपयोग कॅलेंडर वर्षाच्या बारा नोंदींची बेरीज चौकट 7a शी ताडून पाहण्यासाठी करावा. काही सेंटचा फरक पूर्णांकामुळे पडतो. पाच-दहा डॉलरचा पडला, तर एखाद्या महिन्याची नोंद सुटली आहे.

डॉलरचे रुपये कोणत्या दराने करायचे?

यासाठी आयकर नियम 115 आहे आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा अर्धवट सांगितला जातो. व्यवसायाच्या परकीय उत्पन्नासाठी स्टेट बँकेचा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा तारेने खरेदीचा दर घ्यावा, असा मूळ नियम आहे; बँकेत याला टीटी बाइंग रेट म्हणतात. पण त्या दिवसाआधीच रक्कम रीतसर भारतात आली असेल, तर हा नियम लागू होत नाही, आणि मग बँकेने प्रत्यक्ष दिलेला दरच धरायचा. त्यामुळे वर्षभरात आलेल्या रकमांसाठी बँकेचा दर आणि 31 मार्चला येणे असलेल्या किंवा कधीच भारतात न आलेल्या रकमांसाठी 31 मार्चचा स्टेट बँकेचा दर, असे विभाजन होते. रोखलेला कर या दुसऱ्या गटात मोडतो. दर महिन्याला तो बँकेच्या दराने नोंदवून वर्षअखेरीस एकच फरकाची नोंद करणे सोयीचे पडते.

कराचे श्रेय मागताना दर आणखी वेगळा असतो, हे मात्र विसरू नये. तिथे नियम 128 लागतो आणि कर ज्या महिन्यात कापला गेला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा टीटी बाइंग रेट घ्यावा लागतो. नोव्हेंबरमध्ये कापलेल्या 60 डॉलरसाठी 31 ऑक्टोबरचा. तो दर 87.50 असेल, तर श्रेयासाठीची रक्कम 5,280 ऐवजी 5,250 रुपये होते. दर महिन्याच्या अखेरचा हा दर त्याच दिवशी उतरवून ठेवावा, कारण नंतर जुने दर शोधण्यात उगाच वेळ जातो.

अमेरिकेत भरलेला सगळा कर भारतात वळता होतो का?

नाही, आणि ही गोष्ट आधी कळलेली बरी. कलम 90 खाली मिळणारे श्रेय दोन रकमांपैकी लहान रकमेइतके असते: परदेशात भरलेला कर, किंवा त्याच उत्पन्नावर भारतात येणारा कर. अमेरिका एकूण कमाईवर सरसकट 15 टक्के घेते, तर भारत खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर टप्प्याटप्प्याने कर लावतो. या दोन पद्धतींचा मेळ बसत नाही आणि त्याची झळ मध्यम कमाईच्या निर्मात्याला बसते.

बाराही महिने ऑक्टोबरसारखेच गेले असे समजू. वर्षाची कमाई 21,600 डॉलर, म्हणजे 19,00,800 रुपये. अमेरिकेचा कर 720 डॉलर, 88 च्याच दराने 63,360 रुपये. खर्च 4,00,800 रुपये वजा जाता नफा 15,00,000 रुपये राहिला. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी यावर 1,05,000 रुपये कर आणि 4 टक्के उपकर मिळून 1,09,200 रुपये होतात. सरासरी दर 7.28 टक्के पडला. अमेरिकी प्रेक्षकांचा वाटा दोन नवमांश, म्हणजे नफ्यातील 3,33,333 रुपये आणि त्यावरचा भारतीय कर 24,267 रुपये. श्रेय तेवढेच मिळणार. उरलेले 39,093 रुपये पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत आणि परतही मिळत नाहीत.

नफा 12 लाखच असता तर? कलम 87ए च्या सवलतीमुळे भारतात कर शून्य झाला असता, आणि शून्य करावर श्रेयही शून्य. तरीही उत्पन्न पूर्णच दाखवायचे. श्रेय मिळत नाही म्हणून निव्वळ रक्कम दाखवणे हा पळवाटीचा मार्ग नव्हे.

श्रेय मागण्यासाठी कोणते कागद लागतात?

आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म 67 भरावा लागतो आणि विवरणपत्रात Schedule FSI व Schedule TR भरावे लागतात. Schedule FSI मध्ये त्या देशातला करदाता क्रमांक विचारतात. तो नसेल तर पारपत्राचा क्रमांक चालतो. फॉर्म 67 सोबत कर कापल्याचा पुरावा म्हणून 1042-S आणि ज्या महिन्यांचे प्रमाणपत्र अजून आलेले नाही त्यांच्यासाठी अ‍ॅडसेन्सच्या व्यवहारपानाची प्रत व स्वतः सही केलेले विवरण जोडावे. विवरणपत्र मुदतीत किंवा विलंबित विवरणपत्राच्या मुदतीत भरलेले असेल, तर फॉर्म 67 करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 2025-26 च्या उत्पन्नासाठी 31 मार्च 2027 पर्यंत भरता येतो. तरी तो विवरणपत्राच्या आधी किंवा सोबतच भरावा. फॉर्म नसताना विवरणपत्राची छाननी झाली, तर श्रेय नाकारून मागणीची नोटीस येते आणि मग दुरुस्तीच्या अर्जांची मालिका सुरू होते.

आयटीआर-4 सोपा आहे, तो भरला तर चालेल का?

कलम 90 ची सवलत मागणाऱ्याला आयटीआर-4 वापरता येत नाही. म्हणून परदेशी कराचे श्रेय हवे असेल तर आयटीआर-3 हाच मार्ग आहे. करनिर्धारण वर्ष 2025-26 पासून समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी 16021 हा व्यवसायसंकेत आला आहे. संकेत आला म्हणजे कलम 44एडीए ची निम्म्या उत्पन्नावरची अंदाजी योजना आपोआप मिळाली, असे पुष्कळ जण समजतात. संकेत हा वर्गीकरणासाठी असतो. योजना कोणाला मिळते ते कलमातील आणि अधिसूचनांतील व्यवसायांच्या यादीवरून ठरते. कॅमेरा, संपादन, साहित्य यांवर खरा खर्च होत असेल, तर वह्या ठेवून प्रत्यक्ष नफा दाखवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

मार्च महिन्याची कमाई कोणत्या वर्षात धरायची?

आपण कोणती हिशेबपद्धत धरली आहे त्यावर हे अवलंबून आहे. मार्च 2026 ची कमाई एप्रिलमध्ये अंतिम होते आणि 21 एप्रिलनंतर खात्यात येते. रोख पद्धतीत ती पुढच्या वर्षाची. उपार्जन पद्धतीत, जिला मर्कंटाइल म्हणतात, ती 2025-26 ची, आणि तिला 31 मार्चचा दर लागतो. कराचे श्रेय नेहमी उत्पन्नाच्या मागे जाते. उपार्जन पद्धतीत एप्रिलमध्ये कापलेला तो कर 2025-26 च्या श्रेयात येईल. दोन्ही पद्धती कायद्याला मान्य आहेत, पण दरवर्षी सोयीनुसार बदलता येत नाहीत. एक वर्ष अकरा महिन्यांचे आणि दुसरे तेरा महिन्यांचे दिसले, तर तो घोळ लगेच डोळ्यांत भरतो.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींत ध्यानात ठेवावी. शिल्लक 100 डॉलरच्या आत असेल तर ती पुढे ओढली जाते. त्यामुळे एका जमेत दोन-तीन महिन्यांची कमाई असू शकते आणि नोंद करताना ती सुटी करून लिहावी लागते.

जीएसटीची नोंदणी केव्हा करावी लागते? निर्यातीवर कर शून्य असताना तिची गरज काय?

भारतातील निर्मात्यांना पैसे गूगलची सिंगापूरची कंपनी देते. सेवा घेणारा भारताबाहेर, पैसा परकीय चलनात, म्हणून ही सेवेची निर्यात ठरते आणि तिच्यावरील कराचा दर शून्य असतो. पण दर शून्य असला तरी रक्कम उलाढालीत मोजली जाते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा एका आर्थिक वर्षात 20 लाख रुपये आहे आणि तिच्यात निर्यातही धरतात.

सांगलीच्या चॅनेलला वर्षात पुण्याच्या एका मसालेवाल्याकडून 1,50,000 रुपयांचे प्रायोजकत्व मिळाले असे समजा. बँकेत उतरलेल्या डॉलरचे रुपये 18,37,440 होतात. त्यात दीड लाख मिळवले की 19,87,440, म्हणजे मर्यादेच्या आत. एकूण कमाई धरली तर 19,00,800 अधिक 1,50,000, म्हणजे 20,50,800, मर्यादेच्या बाहेर. निव्वळ आकडा वहीत लिहिणाऱ्याला आपण रेषा ओलांडली हे कळतच नाही. ओलांडल्यापासून 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो, म्हणून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासूनची चालती बेरीज वहीत एका स्तंभात ठेवावी.

नोंदणीनंतर कर न भरता निर्यात करण्यासाठी RFD-11 मध्ये हमीपत्र द्यावे लागते आणि ते दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते. एप्रिल उजाडला की हे पहिले काम. गूगल आपले बीजक मागत नाही, तरी दर महिन्याचे निर्यात-बीजक आपण स्वतः बनवून फाइलला लावायचे. ते अंतिम कमाईच्या रकमेचे, म्हणजे 1,800 डॉलरचे असावे, आणि 1,740 च कसे आले याचा खुलासा म्हणून अ‍ॅडसेन्सची पावती त्यामागे लावावी. इंटरनेटवरील जाहिरातजागेच्या विक्रीचा सेवासंकेत 998365 आहे. हेच बीजक GSTR-1 मध्ये निर्यातीच्या तक्त्यात जाते. पुण्याच्या प्रायोजकाला मात्र नोंदणीनंतर 18 टक्के कर लावूनच बीजक द्यावे लागते.

बँकेकडून कोणता कागद मागायचा?

परकीय आवक रकमेचे सूचनापत्र, ज्याला बँका एफआयआरए म्हणतात. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव, डॉलर, दर, रुपये आणि उद्देशसंकेत असतो. जीएसटीच्या दृष्टीने पैसा परकीय चलनात आला याचा पुरावा हाच. खातेपुस्तकातील एक ओळ त्याची जागा घेऊ शकत नाही.

उद्देशसंकेत दर वेळी वाचावा. जाहिरात सेवेसाठी P1007 हा संकेत असतो. माझ्या स्वतःच्या खात्यावर सुरुवातीचे चार महिने बँकेने P1301 टाकला होता. तो परदेशातील भारतीयांनी कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेल्या पैशांचा संकेत. म्हणजे कागदोपत्री माझा कुणी नातलग दरमहा घर चालवायला पैसे पाठवत होता! रक्कम बरोबर असल्यामुळे चूक दिसली नाही, आणि शाखेत लेखी अर्ज देऊन, अ‍ॅडसेन्सची पावती जोडून ती सुधारून घ्यायला दोन महिने गेले. पहिली रक्कम येण्यापूर्वीच शाखेत पत्र देऊन योग्य संकेत कायमचा नोंदवून घेतला, तर हे टळते.

टीडीएस कापला जात नाही, मग कर केव्हा भरायचा?

परदेशी कंपनी भारताचा टीडीएस कापत नाही, म्हणून अग्रिम कर स्वतः भरावा लागतो. वर्षाचा देय कर 10,000 रुपये किंवा अधिक असेल, तर 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण. आपल्या उदाहरणात 1,09,200 मधून 24,267 चे श्रेय वजा करून 84,933 रुपयांवर हे टक्के काढायचे. दिवाळीच्या महिन्यात फराळाचे व्हिडिओ चालतात आणि कमाई उसळते, म्हणून डिसेंबरच्या हप्त्याआधी अंदाज पुन्हा करावा.

कॅमेरा, फोन, किराणा यांचा खर्च दाखवता येतो का?

चॅनेलसाठी झालेला खर्च दाखवता येतो. कॅमेऱ्यावर वर्षाला 15 टक्के आणि संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर निम्मा. बिल आपल्या नावाचे हवे. पाककृतीचा किराणा आणि घरचा किराणा एकाच बिलात आणू नये. दुकानदाराला दोन बिले करायला सांगणे अवघड नसते, नंतर वाटणी करणे अवघड असते.

कागद कसे आणि किती वर्षे ठेवायचे?

दर महिन्याचे चार कागद एकत्र ठेवावेत: अ‍ॅडसेन्सच्या व्यवहारपानाची पीडीएफ, देशानुसार महसुलाची फाइल, बँकेचे सूचनापत्र आणि स्वतःचे बीजक. नावे तारखेने सुरू केली की ती आपोआप क्रमाने लागतात:

```
2025-11_adsense.pdf
2025-11_geography.csv
2025-11_fira.pdf
2025-11_invoice.pdf
```

आयकराच्या नियम 6एफ मध्ये वह्या संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे ठेवण्याचा दंडक आहे, म्हणजे 2025-26 च्या वह्या 31 मार्च 2033 पर्यंत. जीएसटीची मुदत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने. प्रती मात्र आपल्याकडेच हव्यात. चॅनेल बंद झाले, हॅक झाले किंवा अ‍ॅडसेन्स खाते बदलले की जुनी पाने उघडत नाहीत, आणि नोटीस नेमकी त्याच वर्षांची येते.

मी मराठीत व्हिडिओ करतो, पण न्यू जर्सीत राहतो. हेच मला लागू आहे का?

नाही. अमेरिकेचा करनिवासी W-8BEN ऐवजी W-9 भरतो आणि जगभरची कमाई तिथल्याच विवरणपत्रात दाखवतो. भारतातून अमेरिकेत स्थलांतर केले असेल, तर निवासाचा बदल अ‍ॅडसेन्समध्ये 30 दिवसांत कळवावा. सांगलीच्या पत्त्यावरचा जुना अर्ज तसाच चालू राहिला, तर कराराची जी सवलत आता आपली नाही तीच मिळत राहते.